येवल्याची पैठणी इंग्रजीत विकताना

माप : ‘नऊवारी’ एवढ्यावरून परदेशी ग्राहकाला लांबी कळत नाही. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, तरीही साडी टेपने मोजूनच लांबी-रुंदी लिहावी. ब्लाउजपीस त्या लांबीत धरला आहे की वेगळा, हेही सांगावे.

साहित्य : रेशीम आणि जर यांची नोंद वेगवेगळी करावी. जरीला ‘गोल्ड थ्रेड’ म्हटले, तर ग्राहक सोने समजतो आणि साडी परत येते. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असेल, तर तसेच लिहावे. विणकराकडून खात्री झाल्याशिवाय ‘प्युअर’ लिहू नये.

निगा : फक्त ड्रायक्लीन. सुती कापडात गुंडाळून ठेवावी, घड्या अधूनमधून बदलाव्यात. अत्तर जरीवर फवारू नये, ती काळवंडते.