सारख्या प्रवाहांचे सूत्र का अडते?

डेअरीत कच्चे दूध साधारण 4 अंशांना येते. पाश्चरीकरणासाठी ते 72 अंशांपर्यंत तापवून 15 सेकंद त्या तापमानाला ठेवतात आणि पुन्हा थंड करतात. त्यासाठी आत येणारे थंड दूध आणि बाहेर जाणारे गरम दूध पोलादी पत्र्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांना वाहू देतात. हा प्रतिप्रवाही उष्णता विनिमयक. दोन्हीकडे तेच दूध, तेवढेच. त्यामुळे प्रवाह आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार, म्हणजे उष्णताधारकता दर, दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असतो.

जास्तीत जास्त जेवढी उष्णता देता-घेता आली असती, तिच्यातली प्रत्यक्षात किती दिली गेली, हे प्रमाण म्हणजे परिणामकारकता ε. तिचे नेहमीचे सूत्र असे आहे:

ε = [1 − e^(−N(1−C))] / [1 − C·e^(−N(1−C))]

यात C म्हणजे लहान दराचे मोठ्या दराशी गुणोत्तर. पत्र्यांचे क्षेत्रफळ आणि उष्णता-संक्रमण गुणांक यांच्या गुणाकाराला लहान दराने भागले की N मिळतो. दर समान असले की C = 1, घातांक शून्य, आणि सूत्रात वर-खाली दोन्हीकडे शून्य उरते. शून्य भागिले शून्य याला काही अर्थ नाही. संगणकही अशा वेळी उत्तराऐवजी NaN दाखवतो.

विनिमयक मात्र व्यवस्थित चालू असतो. दर समान असल्याने गरम दूध जितके अंश उतरते तितकेच थंड दूध चढते. म्हणून दोघांमधला फरक पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच राहतो. तो d मानला, तर थंड दुधाचे तापमान N·d अंशांनी वाढते. आत येणाऱ्या दोन प्रवाहांमधला एकूण फरक म्हणजे ही वाढ अधिक d. यावरून

ε = N / (1 + N)

मूळ सूत्रात C ला 1 च्या जवळ नेत गेल्यास हीच सीमा मिळते. N = 9 घेतल्यास C = 0.99 ला ε 0.904 येते, 0.999 ला 0.9004, आणि सीमेवर नेमके 0.9.

डेअरीतला एकूण फरक 68 अंशांचा आहे. त्याच्या 90 टक्के म्हणजे 61.2. म्हणून कच्चे दूध 65.2 अंशांपर्यंत तापते आणि तापलेले दूध 10.8 पर्यंत उतरते. दोन्ही टोकांना फरक 6.8 अंशच राहतो. पत्रे दुप्पट केले तर N = 18 होतो, पण ε 0.947 वरच थांबते आणि दूध जेमतेम 68.4 अंशांना पोहोचते. उरलेले अंश गरम पाण्याने भरून काढावे लागतात.

आज्ञावली लिहिताना C नेमका 1 आहे का एवढेच तपासून भागत नाही. C एकच्या अगदी जवळ असताना जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि उत्तरातले खरे अंक गळून पडतात. म्हणून 1 − C दशलक्षांशाहून लहान झाल्यास, नेहमीच्या आकाराच्या विनिमयकासाठी, सरळ सीमासूत्र वापरावे.