एकट्याने खेळायचा गेम इंटरनेट का मागतो?

सुट्टीत लॅपटॉप घेऊन गावी गेलो, रेंज नसलेल्या घरात निवांत गेम लावला, आणि पडद्यावर संदेश आला की इंटरनेट जोडा. हा प्रसंग अनेकांवर येतो. गेममध्ये दुसरा खेळाडू नाही, पैसे रीतसर भरलेले आहेत, फाइली डिस्कवर आहेत, तरी गेम उघडत नाही. हे टाळायचे असेल, तर गेमचे बटण दाबल्यावर आत काय घडते ते क्रमाने समजून घ्यावे लागते. इथे आपण विंडोजचा संगणक आणि स्टीम या दुकानावरून घेतलेला गेम धरून चालू.

पहिली तपासणी स्टीमची. आपण विकत घेतो तो गेम वापरण्याचा परवाना, आणि तो आपल्या स्टीम खात्यावर नोंदलेला असतो. गेम सुरू होताना स्टीमला विचारतो, ‘या खात्यावर माझा परवाना आहे का?’ या सगळ्या व्यवस्थेला डीआरएम म्हणतात, म्हणजे विकत न घेणाऱ्याला गेम चालवता येऊ नये यासाठी बसवलेले कुलूप. स्टीमची तपासणी तशी सौम्य आहे. आपण आधी लॉगिन केलेले असेल आणि ते संगणकावर जपून ठेवलेले असेल, तर इंटरनेट नसतानाही स्टीम या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते.

दुसरी तपासणी सगळ्याच गेममध्ये नसते, पण मोठ्या आणि नव्या गेममध्ये बऱ्याचदा असते. तिच्यासाठी सर्वाधिक ऐकू येणारे नाव म्हणजे डेनुवो, ऑस्ट्रियातल्या कंपनीने तयार केलेली यंत्रणा. गेम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा ही यंत्रणा आपल्या संगणकाची माहिती, म्हणजे प्रोसेसर कोणता, विंडोज कोणते अशा खुणा, गोळा करून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हर म्हणजे कंपनीचा दूरवरचा संगणक. तो खात्यावरचा परवाना पाहतो आणि एक छोटी फाइल परत पाठवतो. तिला टोकन म्हणतात.

टोकनचे काम लोकलच्या मासिक पासासारखे आहे. पासावर ओळखपत्राचा क्रमांक असतो, त्यामुळे तो दुसऱ्याच्या हाती दिला तर चालत नाही. तसेच हे टोकन त्या एका संगणकापुरते असते. एकदा ते डिस्कवर आले की पुढच्या वेळी इंटरनेटची गरज पडत नाही. म्हणजे अशा गेमला ‘सतत’ इंटरनेट लागत नाही. टोकन नसेल किंवा जुळत नसेल तेव्हाच लागते.

घोळ होतो तो नेमका या जुळण्यात. प्रोसेसर बदलला किंवा विंडोज नव्याने टाकले, तर खुणा बदलतात आणि जुने टोकन बाद होते. गेमचे मोठे अपडेट आले आणि मुख्य प्रोग्राम बदलला, तरी अनेकदा नवे टोकन लागते. काही गेममध्ये टोकनला मुदतही असते. 2021च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आले तेव्हा हे ठळकपणे दिसले. त्यांच्यात दोन प्रकारचे कोअर होते, वेगवान आणि काटकसरी. काही गेममधल्या तपासणीला एकाच प्रोसेसरचे हे दोन प्रकार म्हणजे दोन वेगळे संगणक वाटले, आणि रीतसर घेतलेले गेम बंद पडू लागले. पुढे गेमची आणि विंडोजची अपडेट काढून ते दुरुस्त करावे लागले.

तिसरा प्रकार मुळातून वेगळा आहे. तिथे गेमचा एक भागच सर्व्हरवर चालतो. 2012च्या मे महिन्यात आलेल्या ‘डायब्लो 3’मध्ये एकट्याने खेळतानाही शत्रू कुठे आहेत, मारल्यावर काय मिळाले, याचा हिशेब सर्व्हरवर होई. पहिल्याच दिवशी सर्व्हर भरून गेले आणि असंख्य खेळाडूंना Error 37 एवढेच दिसत राहिले. अशा गेमपुढे टोकनचा उपयोग नाही, कारण अर्धा गेम आपल्या घरी नसतोच. सर्व्हर कायमचा बंद झाला, तर गेमही संपतो. ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या गेममध्ये एकट्याने खेळायची पूर्ण कथा होती, पण 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाले आणि तीही गेली.

सर्व्हरची ही अट नेहमी तांत्रिक गरजेतून आलेली असते असे मात्र नाही. 2013चा ‘सिमसिटी’ इंटरनेटविना चालणे शक्य नाही असे सांगितले गेले होते. 2014च्या मार्चमध्ये त्याच गेमला ऑफलाइन खेळायची सोय मिळाली. म्हणून ‘हे अशक्य आहे’ हे उत्तर ग्राहकाने निमूटपणे मान्य करू नये, असे मला ठामपणे वाटते.

आता घर सोडण्यापूर्वीची तयारी. स्टीममध्ये लॉगिन करताना Remember me वर खूण असू द्या. जो गेम खेळायचा आहे त्याचे अपडेट पूर्ण होऊ द्या.

त्यानंतर तो गेम इंटरनेट चालू असताना एकदा उघडा, आणि नुसत्या मुख्य यादीपर्यंत न थांबता प्रत्यक्ष दोन मिनिटे खेळा. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. रात्री अपडेट उतरते, सकाळी लॅपटॉप बॅगेत जातो, आणि अपडेटनंतरचे नवे टोकन घ्यायला गेमला संधीच मिळत नाही. प्रकाशकाचे वेगळे खाते लागत असेल, तर त्याचे लॉगिनही याच वेळी उरकते.

मग वरच्या Steam मेनूतून Go Offline निवडा. आता खरी परीक्षा घ्या: वायफाय बंद करा, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि गेम उघडा. घरी चालला, तर गावीही चालेल. नाही चालला, तर कारण शोधायला इंटरनेट अजून हाताशी आहे.

तयारी राहून गेली आणि आपण गावी अडकलात, तर आधी संगणकाची तारीख आणि वेळ पाहा. ती चुकलेली असेल, तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही आणि दोष इंटरनेटचा वाटतो. मग जिथे रेंज येते तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. टोकनसाठी डेटा अगदी थोडा लागतो. धोका आहे तो अपडेटचा: जोडणी होताच स्टीमला नवे अपडेट दिसले, तर ते उतरवल्याशिवाय गेम उघडू दिला जात नाही, आणि ते कित्येक जीबींचे असू शकते. म्हणून पूर्वी चालत असलेला गेम नुसत्या शंकेपोटी हॉटस्पॉटला जोडू नका. टोकन मागणारा संदेश दिसला तरच जोडा.

नवा गेम घेताना स्टीमच्या पानावर उजवीकडे, किमतीच्या खालच्या भागात पाहा. वेगळे डीआरएम असेल, तर तिथे 3rd-party DRM असे लिहिलेले असते, दिवसाला किती संगणकांची मर्यादा आहे तेही अनेकदा असते. याची कटकटच नको असेल, तर गॉग या दुकानात इंस्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो आणि त्याला तपासणी लागत नाही.

परत आल्यावर स्टीम पुन्हा ऑनलाइन करा. गावी खेळलेली प्रगती लॅपटॉपवर असते आणि जुनी प्रगती स्टीमच्या सर्व्हरवर, त्यामुळे कोणती ठेवायची असा प्रश्न येऊ शकतो. घाईने बटण दाबू नका. दोन्हींसमोर तारीख आणि वेळ दिलेली असते. गावी खेळलेल्या दिवसाची तारीख असलेली, म्हणजे लॅपटॉपवरची प्रत निवडा.