सकाळी तासभर बोटं वळत नाहीत? मग ती झीज नसावी

आमच्या वस्तीवर एकाच घरात सासू-सून दोघींचे सांधे दुखत होते. सासूबाई पासष्टीच्या, त्यांचे गुडघे. सूनबाई अडतीसच्या, त्यांच्या हाताची बोटं. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दोघींना एकच. पण दुखणं एक नव्हतं.

सासूबाई उठल्या की गुडघे आखडलेले असायचे, पण दहा-पंधरा मिनिटांत मोकळे व्हायचे. दिवसभर रानात चाललं की संध्याकाळी ठणकायचे आणि बसलं की बरं वाटायचं. ही झीज. सांध्यातली कूर्चा वयाने, वजनाने, कामाने घासते. झिजेचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो.

सूनबाईंचं उलटं होतं. पहाटे पाचला उठलं तरी मूठ वळायची नाही, म्हशीची धार काढता यायची नाही. सात वाजले की हात सुटायचा. काम केलं की मोकळं, बसून राहिलं की पुन्हा ताठ. दोन्ही हातांची बोटं मुळाशी आणि मधल्या पेरावर सुजलेली, दाबलं की मऊ आणि दुखरी. हा सुजेचा वात, ज्याला आमवात म्हणतात. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. रात्रभर हालचाल नसली की सूज साठते, म्हणून सकाळी त्रास जास्त. झीज बोटांत असली तर बहुतेक नखाजवळच्या पेरात किंवा अंगठ्याच्या मुळाशी असते आणि गाठ हाडासारखी टणक लागते.

सूनबाईंचे चार महिने गोळीवर गेले. गोळीने दुखणं दबतं, पण सूज आतून हाड कुरतडत राहते. पहिल्या काही महिन्यांतच हे नुकसान सुरू होऊ शकतं आणि वाकडं झालेलं बोट औषधाने सरळ होत नाही. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो. म्हणून डॉक्टर हात तपासून ईएसआर, सीआरपी, अँटी-सीसीपी हे रिपोर्टही बघतात. चिकुनगुनियानंतरही असेच सांधे धरतात, तेव्हा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगावं.

सूनबाईंना मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही. मधूनमधून रक्त तपासावं लागतं. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडून देऊ नये. त्यांना तिसऱ्या महिन्यात फरक पडला. आता पहाटेची धार त्याच काढतात.

तुमच्या घरात कुणाची बोटं आखडत असतील तर उठल्यापासून मूठ पूर्ण वळेपर्यंत किती वेळ लागतो ते आठवडाभर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. तासाच्या वर जात असेल आणि सूजही असेल, तर सहा आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका. ती नोंद घेऊन संधिवात तज्ज्ञ किंवा एमडी फिजिशियनकडे जा.