कंपासपेटी नेमकी कोणाची होती?

भारतात फ्रेंडशिप डे ऑगस्टच्या पहिल्या रविवारी असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन म्हणून ठरवला, पण आपल्याकडे तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. हातचा रविवार सोडून कामाच्या दिवशी मैत्री साजरी करायची कोणाला हौस असणार! महाराष्ट्रात हा रविवार बहुतेकदा आषाढ-श्रावणाच्या आसपास येतो. २०२४ मध्ये तर तो ४ ऑगस्टला, म्हणजे नेमका दीप अमावास्येला आला आणि अनेक मित्रमंडळांनी गटारी आणि फ्रेंडशिप डे एकाच खर्चात उरकले.

नव्वदच्या दशकात शाळा-कॉलेजात असलेल्यांसाठी हा दिवस मनगटावरच्या रंगीत पट्ट्यांचा होता. ज्याच्या हातावर जास्त पट्टे, त्याचा भाव जास्त. ती पिढी आता चाळिशीत आहे. पट्टा बांधायला समोर मनगट नाही, कारण मनगटाचा मालक पुण्याला, बंगळुरूला नाहीतर त्याहून लांब गेलेला आहे. त्यामुळे पट्ट्याची जागा फोनवर लिहिलेल्या चार ओळींनी घेतली आहे. लहानपणीच्या मित्राला उद्देशून, पण सगळ्यांना दिसेल असा, थोडा हळवा आणि बराचसा टवाळ मजकूर हा आता एक ओळखू येणारा लेखनप्रकारच झाला आहे.

त्यातले बहुतेक मजकूर फसतात आणि फसण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. एक साधी परीक्षा आहे: मजकुरातलं मित्राचं नाव काढून दुसऱ्या कोणाचंही घातलं तरी काही बिघडत नसेल, तर तो मजकूर त्या मित्रासाठी लिहिलेलाच नाही. ‘सुखदुःखात साथ देणारा’, ‘रक्ताच्या नात्यापलीकडचा’, ‘किती वर्षं झाली तरी तसाच’ ही विशेषणं ऑफिसातल्या शेजाऱ्यालाही चालतात आणि निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांनाही. असं काही वाचून मित्र एक बदाम पाठवतो आणि पुढे सरकतो. त्याला उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं.

उत्तर यावं अशा मजकुराला सामान लागतं ते आठवणींचं, आणि आठवणींचा स्वभाव जरा विचित्र आहे. माणूस मोठेपणी मागे वळून पाहतो तेव्हा साधारण दहा ते तीस या वयातल्या घटना त्याला इतर काळापेक्षा जास्त आठवतात, असं मानसशास्त्रातल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. म्हणून शाळकरी मित्राविषयी लिहिणाऱ्याला माल कमी पडत नाही. अडचण असते ती तो उकरून काढण्याची. ‘आपण किती मजा करायचो’ असं स्वतःला विचारलं तर डोक्यात नुसतं धुकं जमतं. एखादी वस्तू, एखादी जागा किंवा तिसरं माणूस आठवायला घेतलं, की प्रसंग आपोआप उघडतो. भाड्याची सायकल, प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला, गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक, गॅलरीतून ओरडणाऱ्या काकू, स्वतःची बॅट आहे म्हणून कायम पहिली बॅटिंग घेणारा मुलगा, यांतलं काहीही पुरतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की आठवण साठवून जशीच्या तशी बाहेर काढली जात नाही. सांगताना ती दर वेळी नव्याने जुळवली जाते. जुळवताना गाळलेल्या जागा माणूस आपल्या समजुतीने भरतो. एकाच शहरात राहणारे मित्र तीच गोष्ट वारंवार सांगत असल्याने त्यांची एक सामाईक आवृत्ती तयार होते. दोघं दोन शहरांत गेले, की प्रत्येक जण आपल्या नव्या मंडळींना ती आपापल्या पद्धतीने सांगू लागतो. वीस वर्षांत एका घटनेच्या दोन गोष्टी होतात आणि दोन्ही सांगणारे शपथेवर खरं बोलत असतात. विनोदी मजकुराचं खरं भांडवल हेच. त्यात एक तरी आठवण अशी हवी, की ती वाचून मित्राने तिकडून ‘साफ खोटं!’ असं ओरडावं.

एक कल्पित उदाहरण पाहता येईल. सांगलीतले दोन वर्गमित्र. एक अजून सांगलीतच, त्याचं दुकान आहे. दुसरा बंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि हाताखालच्या लोकांकडून वेळेचा हिशेब घेणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. दुकानदार पहिल्या झटक्यात लिहितो: ‘लहानपणीचे ते दिवस परत येणार नाहीत. तू लांब असलास तरी मनाने जवळ आहेस. हॅपी फ्रेंडशिप डे मित्रा.’ यात खोटं काही नाही. पण सांगली नाही, सायकल नाही आणि मित्रही नाही.

मग तो आठवायला बसतो. सातवीत असताना दोघांनी मिळून तासाच्या बोलीवर एक सायकल घेतली होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला जायचं ठरलं होतं. पुलाच्या मधोमध चेन पडली. ती बसवताना हात काळे झाले आणि ते पुसायला जवळचं कापड म्हणजे मित्राचा पांढरा शर्ट होता. परत यायला उशीर झाला, भाडं वाढलं, खिशात पैसे कमी. सायकलवाल्याने दप्तरातली कंपासपेटी ठेवून घेतली. इथे वाद आहे. दुकानदाराच्या मते कंपासपेटी त्याची होती आणि मार त्याने खाल्ला. मित्र गेली कित्येक वर्षं नेमकं उलटं सांगत आला आहे.

आता दुसरा खर्डा असा होतो:

‘काय मर्दा, आज फ्रेंडशिप डे. सातवीत आयर्विन पुलावर चेनचं काळं तुझ्या शर्टाला पुसलं ते मी, हे इतक्या वर्षांनी कबूल करतो. काकूंना सांगितलेलं ते भिंतीचं कारण खोटं होतं. पण सायकलवाल्याकडे अडकलेली कंपासपेटी माझी होती, हेही एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकतो. भाड्याची सायकल ज्याला आयुष्यात एकदाही वेळेवर परत देता आली नाही, तो गडी आज बंगळुरूत लोकांकडून टाइमशीट मागतोय. भडंग पाठवलाय. त्यातून कंपासपेटीचे पैसे वजा धरलेत.’

यात ‘तुझी आठवण येते’ हे वाक्य कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला ते कळतं. मराठी माणूस, विशेषतः कृष्णाकाठचा, मित्रावरचं प्रेम थेट बोलून दाखवताना अवघडतो. त्या जागी शिवी नाहीतर भडंग येतो. टवाळीचं मापही पाहण्यासारखं आहे. लिहिणाऱ्याने आधी स्वतःचा गुन्हा सांगितला आणि मग मित्राला चिमटा काढला. क्रम उलटा असता, तर तोच मजकूर उणंदुणं काढल्यासारखा वाटला असता. शिवाय चिमटा मित्राच्या आजच्या मोठेपणाला काढलेला आहे. बढती मिळालेला माणूस टाइमशीटवरून हसून घेतो. नोकरी नुकतीच गेली असेल, तर तेच वाक्य झोंबेल. लांबच्या शहरात सध्या काय चाललंय याचा अंदाज नसेल, तर आदल्या दिवशी एक फोन करून घेणं बरं.

अशा मजकुराचे वाचक दोन प्रकारचे असतात. एक तो मित्र आणि दुसरं त्याचं सगळं गणगोत: साहेब, सासू-सासरे, आणि ज्यांना अभ्यासावरून रोज बोलणी बसतात ती त्याची मुलं. शर्टाला पुसलेलं काळं सगळ्यांपुढे चालतं. सहामाहीत गणितात मिळालेले मार्क बहुधा चालत नाहीत, आणि नववीतल्या कोणा मुलीचं नाव तर मुळीच नाही, कारण तीही आता कोणाची तरी बायको, आई आणि कदाचित हा मजकूर वाचणारी आहे. वर्गाचा जुना ग्रुप फोटो टाकतानाही हेच भान लागतं. त्यात चाळीस चेहरे असतात आणि परवानगी एकाचीही घेतलेली नसते. टोपणनावाचा प्रश्न नाजूक आहे. ‘बंड्या’ किंवा ‘गोट्या’ खपून जातं. पण शरीराच्या ठेवणीवरून पडलेलं नाव शाळेत त्याने हसत सोसलं, म्हणून त्याला ते आवडत होतं असं होत नाही.

आणखी एक धोका कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिली शाळा कोणती, घरातलं लाडकं नाव काय, कुत्र्याला काय म्हणायचे, हे प्रश्न अनेक खात्यांचा विसरलेला पासवर्ड परत मिळवताना विचारले जातात. आठवणींच्या मजकुरात नेमकी हीच माहिती सढळ हाताने वाटली जाते, वर वाढदिवसाची तारीखही. शाळेचं नाव न घालता ‘आपली शाळा’ लिहिलं, तरी ज्याला कळायचं त्याला कळतंच.

दुसऱ्या शहराचा भाग कसा आणायचा, हाही विचार करण्यासारखा आहे. एसटीडी बूथच्या काळात रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, तेव्हा माणसं रांगेत उभी राहून मोजकं बोलायची, आणि मोजकं असल्यामुळे कामाचं बोलायची. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं आणि बोलायचं काय हाच प्रश्न उरला. ब्रिटनमध्ये सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या मैत्रीचा दीड वर्ष माग घेतला. मुलींच्या मैत्रीत जवळीक टिकायला बोलण्याचा जास्त उपयोग झाला, मुलांच्या मैत्रीत एकत्र काहीतरी करण्याचा, असं त्यांना आढळलं. गट लहान होता, त्यामुळे त्यावरून सरसकट नियम काढू नये. पण ‘कसा आहेस, बरा आहे, बाकी काय’ यापुढे न सरकणारा दोन मित्रांचा फोन ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे पटायला जड जाणार नाही. दोघांना लांबून एकत्र करता येण्यासारख्या कामांत भांडण हे सर्वांत स्वस्त काम आहे. म्हणून कंपासपेटीचा वाद मजकुरात मिटवायचा नसतो, उघडा ठेवायचा असतो.

मजकूर जमला की नाही हे आलेल्या अंगठ्यांच्या संख्येवरून कळत नाही. दूरच्या ओळखीचे लोक कशालाही अंगठा देतात. जमल्याची खूण म्हणजे वर्गातला एखादा तिसरा माणूस मध्ये पडतो आणि तिसरीच हकीकत सांगतो. मित्राने दुरुस्ती पाठवली, तर मूळ मजकूर बदलू नये; दोन्ही बाजू खाली-वर राहू द्याव्यात. आपल्या उदाहरणातला बंगळुरूकर बहुधा सगळ्यांसमोर एवढंच लिहील: ‘पेटी माझी होती, आतल्या कर्कटकाला पेन्सिल धरायचा स्क्रू नव्हता. तुझ्या पेटीत कर्कटकच नव्हतं. भडंग तिखट पाठव.’