घरमालकीण काकूंचं पत्र

पुण्यातल्या पेठांमध्ये आजही असे वाडे आहेत, जिथे घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते आणि खालच्या दोन खोल्यांत तिचा भाडेकरू, दोन पिढ्यांपासून. मग एक दिवस वरून पत्र येतं. काकूंनी ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं असतं, कारण समोर बसून ते त्यांना बोलवत नाही.

समजा, पत्र असं आहे : ‘चि. सुनील यास अनेक आशीर्वाद. तुझे बाबा 1974 साली या घरी आले, तेव्हापासून तुम्ही परके नाहीतच. माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. छप्पर गळतं, दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. मुलगा परदेशातून म्हणतो, आई, वाडा विक. मन होत नाही, पण विकावा लागणार. दिवाळीपर्यंत तुम्ही दुसरीकडे सोय पाहावी, ही विनंती.’

हे वाचून सुनीलचे डोळे भरून येतील, आणि कदाचित तो त्याच रात्री उत्तर लिहील : ‘काकू, तुमच्या शब्दाबाहेर नाही, जागा सोडतो.’ इथं त्यानं थोडं थांबावं. काकूंची अडचण खरी आहे, त्यांच्या मायेवर शंका घेण्याचं कारण नाही. पण त्या पत्रात एक विनंती आहे, आदेश नाही. घर विकायचं आहे, एवढ्या कारणासाठी जुन्या भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये जागा खाली करून घेण्याची कारणं दिली आहेत. मालकाला स्वतःच्या वापरासाठी जागेची खरोखर गरज असणं हे त्यातलं एक. विक्री हे कारण त्यात नाही.

मग घर विकता येत नाही का? जरूर येतं, त्यासाठी सुनीलची परवानगीही लागत नाही. वाडा विकला की नवा मालक काकूंच्या जागी येतो, भाडेकरू मात्र तोच राहतो. वडिलांच्या निधनाच्या वेळी सुनील त्यांच्यासोबत त्याच घरात राहत होता, म्हणून भाडेकरूपण त्याच्याकडे येऊ शकतं. त्यानं जपून ठेवायच्या गोष्टी म्हणजे जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्ड आणि विजेची बिलं.

पेच आहे तो किमतीचा. समजा, रिकाम्या वाड्याचे एक कोटी मिळतील आणि भाडेकरूसह सत्तर लाख. मधले तीस लाख, हा खरा विषय आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेख नसतो. काकूंना तो काढायची लाज वाटते, सुनीलला मागायची. पण भाडेकरूनं हक्क सोडण्यासाठी पैसे घेणं या कायद्याखाली वैध आहे, त्यात कमीपणा मानण्याचं काहीच नाही. या तीस लाखांतला काही भाग सुनीलला मिळाला आणि तो आपणहून गेला, तर काकूंच्या हातीही सत्तरपेक्षा जास्तच येतात. खरेदीदार बिल्डर असेल, तर पैशाऐवजी नव्या इमारतीत जागा मागता येते. मात्र तो पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत हवा. तोंडी शब्दावर चावी दिली की ताबा गेला, आणि नंतर हक्क सांगणं फार अवघड होतं.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा हक्क करारातल्या मुदतीपुरता असतो. मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर दुप्पट शुल्क भरावं लागू शकतं. कितीही वर्षं करार नव्यानं होत आला असला, तरी जागा जुन्या भाडेकरूसारखी त्यांची होत नाही.

काकूंचं पत्र अधिक उपयोगी करायचं असेल, तर त्यात तीन वाक्यं वाढवावीत. खरेदीदार कोण, कोणत्या महिन्यापासून भाडं त्याला द्यायचं आणि अनामत रक्कम कोण परत करणार, काकू की नवा मालक. विक्री झाल्याचं न कळल्यामुळे भाडेकरूनं प्रामाणिकपणे जुन्या मालकालाच भाडं दिलं, तर तेच भाडं नव्या मालकाला पुन्हा द्यावं लागत नाही. पण कळल्यानंतर ही सवलत उरत नाही, म्हणून ते लेखी कळणं दोघांच्याही हिताचं.

आणि सुनीलनं उत्तर लिहावंच. ‘काकू, तुमची अडचण कळली. वाडा विकण्याला माझी हरकत नाही. रविवारी संध्याकाळी तुम्ही, मी आणि घेणारा बसून बोलू, आणि जे ठरेल ते वकिलाकडून कागदावर आणू.’ एवढं पुरे आहे. असं पत्र तुमच्या हाती आलं असेल, तर सही करण्याआधी आणि चावी देण्याआधी भाडेपावत्या घेऊन वकिलाकडे जा.