शेवटच्या स्प्रिंकलरपासून मागे येताना

मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. आत छतापर्यंत रॅक, रॅकवर पुठ्ठ्याची खोकी आणि त्यांच्यावर छताला लागून गेलेले लाल पाइप. अशा गोदामात आगीची काय सोय आहे असं विचारलं, तर बहुतेक वेळा पंपाचा आकडा सांगितला जातो: साडेचार हजार लिटरचा पंप आहे, सात बार दाब देतो. या उत्तराने माझं समाधान होत नाही. पंप किती मोठा आहे यावरून तो पुरेल की नाही ते कळत नाही. ते कळतं छताच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यातल्या स्प्रिंकलरपासून. हिशोब तिथे सुरू होतो आणि पाइपातून उलटा चालत पंपापाशी येतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आग लागली की सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. प्रत्येकाच्या तोंडाशी उष्णतेने फुटणारी काचेची नळी किंवा वितळणारी धातूची पट्टी असते. ज्याच्याखाली ताप पोहोचेल तेवढाच उघडतो. म्हणून छतावर हजार स्प्रिंकलर असले तरी हिशोब हजारांचा होत नाही. उंच रॅकच्या गोदामांसाठी ‘ईएसएफआर’ नावाचे स्प्रिंकलर वापरतात. ते लवकर उघडतात आणि मोठ्या थेंबांचा जोरदार मारा करून आग वाढण्याआधीच दाबतात. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकात त्यांच्यासाठी साधारण बारा स्प्रिंकलर धरायला सांगितले आहेत: शेजारशेजारच्या तीन लाइनी आणि प्रत्येकीवर चार. आपल्याकडच्या मोठ्या गोदामांची आखणीही अनेकदा याच मानकावर होते.

आता एक गोदाम धरू. छत ९ मीटर, माल साडेसात मीटरपर्यंत, खोक्यांत बंद. स्प्रिंकलर तीन-तीन मीटरवर. मधून एक सहा इंची मेन जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार स्प्रिंकलरच्या अडीच इंची लाइनी फुटतात. या उंचीला आणि या मालाला आपण निवडलेल्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी किमान ३.४५ बार दाब हवा. स्प्रिंकलरमधून पाणी किती पडेल ते एका लहान सूत्राने ठरतं:

Q = K√P

Q म्हणजे मिनिटाला किती लिटर, P म्हणजे बारमधला दाब आणि K हा त्या स्प्रिंकलरच्या भोकाचा अंक. इथे K २०२ आहे. सर्वांत लांबच्या स्प्रिंकलरमधून, म्हणजे ३.४५ बारला, मिनिटाला ३७५ लिटर पाणी पडतं. बारा गुणिले ३७५ म्हणजे ४५००, संपला हिशोब, असं वाटणं साहजिक आहे. साडेचार हजारांचा पंप घेतला जातो तो याच गुणाकाराने.

पण शेवटच्या स्प्रिंकलरला ३.४५ बार मिळायचे, तर त्याच्या मागच्याला थोडे जास्त मिळालेच पाहिजेत, कारण मधल्या तीन मीटर पाइपात घर्षणाने दाब खर्च होतो. दाब जास्त, म्हणजे पाणीही जास्त. ते जादा पाणी पुढच्या तुकड्यात आणखी घर्षण करतं. आपल्या लाइनीवर दुसऱ्या स्प्रिंकलरला ३.४७ बार लागतात, तिसऱ्याला ३.५३ आणि मेनजवळच्या चौथ्याला ३.६६. चौघांचं मिळून पाणी १५०० नव्हे, १५१७ लिटर होतं. लाइन मेनला मिळते त्या टी-जोडासकट आणखी दाब जातो आणि मेनपाशी आपण ४.०४ बारवर पोहोचतो. मेन जाड आहे, त्यामुळे शेजारच्या दोन लाइनींना जेमतेम जास्त दाब मिळतो. तिन्ही मिळून सुमारे ४५६० लिटर आणि ४.०६ बार.

इथे जरा थांबतो, कारण या सगळ्या हिशोबातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पाइपाच्या जाडीत आहे. घर्षणाचा दाब काढायला हेझन-विल्यम्स या दोन अमेरिकी अभियंत्यांच्या नावाचं सूत्र वापरतात. त्यानुसार प्रवाह दुप्पट झाला की घर्षण साधारण ३.६ पट होतं. जाडीचा परिणाम याहूनही कठोर आहे. घर्षण पाइपाच्या आतल्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातात बदलतं. समजा, अडीच इंचीऐवजी दोन इंची पाइप टाकले. व्यास एक चतुर्थांशाहूनही कमी घटला, पण दर मीटरचं घर्षण साडेतीन पट झालं. तोच हिशोब परत केला, तर मेनपाशी ४.०४ ऐवजी साधारण ५.४ बार लागतात. लाइनीवर थोडे पैसे वाचवले आणि पंपावर जवळपास दीड बारचं ओझं चढलं. काम सुरू असताना ठेकेदार ‘अडीच इंची मिळत नाही, दोन इंची टाकतो’ म्हणाला, तर वरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. कागदावरचा हिशोब मात्र त्या दिवशी रद्द झालेला असतो, आणि तो कोणी पुन्हा करत नाही.

आता मेनपासून पंपापर्यंतची वाट. सहा इंची मेन, तिची वळणं आणि जोड यांत ०.८७ बार गेले. नियंत्रण व्हॉल्व्हांसाठी ०.३५ धरू. स्प्रिंकलर पंपापेक्षा ८.७ मीटर उंच आहेत, तेवढं पाणी वर चढवायला ०.८५ बार लागतात. बाहेरच्या जमिनीखालच्या आठ इंची पाइपातून जाताना पाणी वाढलेलं असतं, कारण अग्निशमन दलाच्या होजसाठी मिनिटाला ९५० लिटर वेगळे धरावे लागतात. तिथे ०.६६ बार. सगळ्याची बेरीज सुमारे ६.८ बार, आणि पाणी मिनिटाला ५५१० लिटर.

हे दोन आकडे मिळून झाला मागणीबिंदू, ज्याला अभियंते ‘डिमांड पॉइंट’ म्हणतात. हे दोन आकडे कधीही एकमेकांपासून तोडून वाचू नयेत. पंपाच्या तोंडाशी ५५१० लिटर वाहत असताना ६.८ बार उरले पाहिजेत, ही एकच अट आहे. दुसरीकडे पंप कुठलाही एकच दाब देत नाही. पाणी जितकं जास्त ओढाल, तितका त्याचा दाब उतरतो. ही उतरण आलेखावर काढली की पंपाची वक्ररेषा मिळते, तीच ‘पंप कर्व्ह’. आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्यावर दाब. मागणीबिंदू या रेषेच्या खाली पडला तर पंप पुरतो, वर पडला तर नाही.

मग साडेचार हजारांचा पंप तपासून पाहू. पाटीवर लिहिलं आहे ४५५० लिटर, ७ बार. आगीच्या पंपांच्या मानकात वक्ररेषेला दोन मर्यादा आहेत. पाणी अजिबात वाहत नसताना दाब पाटीवरच्या दाबाच्या १४० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि प्रवाह पाटीच्या दीडपट केला तरी दाब ६५ टक्क्यांखाली जाता कामा नये. आपल्या पंपाचा बंद दाब ८.४ बार आहे असं मानू. पाटीवरच्या प्रवाहाला ७ बार, आणि ६८२५ लिटरला पोहोचला की किमान मर्यादेवर ४.५५. या तीन बिंदूंतून रेषा काढली तर ५५१० लिटरला ती सुमारे ६.१५ बार दाखवते. आपल्याला हवेत ६.८. पाटीवरचे ७ बार खरे आहेत, पण ते ४५५० लिटरचे आहेत.

आग लागली तर हा पंप बंद पडणार नाही. पाणी येईल, बारा स्प्रिंकलर मारा करतील, आणि दिसायला सगळं ठीक वाटेल. फक्त पाइपांच्या मागणीची रेषा आणि पंपाची रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे प्रवाह थांबेल, साधारण ५३०० लिटरला. शेवटच्या स्प्रिंकलरला ३.४५ ऐवजी ३.२ बारच्या आसपास मिळतील. फरक लहान आहे. पण ईएसएफआर स्प्रिंकलर आग सुरुवातीलाच दाबायचा या एका भरवशावर बसवलेला असतो, आणि तो भरवसा चाचणीत ठरलेल्या किमान दाबाला बांधलेला आहे. आग पहिल्या मारात दबली नाही, तर पसरलेला ताप तेरावा आणि चौदावा स्प्रिंकलरही उघडतो. मग आणखी पाणी, आणखी घर्षण, आणखी कमी दाब.

आता पुढचा मोठा पंप घेऊ: ६८०० लिटर, ७ बार, बंद दाब पुन्हा ८.४. मागणीबिंदू त्याच्या पाटीच्या सुमारे ८१ टक्क्यांवर येतो आणि तिथे तो साडेसात बारच्या वर देतो. गरजेपेक्षा पाऊण बार जास्त. मला हे अंतर आवश्यक वाटतं, कारण पाइप आतून खडबडीत होत जातात आणि पंपही झिजतो. टाकीचा हिशोब त्यामानाने सोपा आहे. ५५१० लिटर साठ मिनिटं, म्हणजे ३ लाख ३० हजार लिटर, आणि तेवढं पाणी फक्त आगीसाठीच राखलेलं.

एवढ्या मेहनतीने काढलेला मागणीबिंदू नंतर दोन प्रकारे निरुपयोगी होतो. एक, गोदामातला माल बदलतो. खोक्यांतल्या मालाच्या जागी उघडी फोमची गादी आली, किंवा माल साडेसातऐवजी आणखी वर रचला, तर नुसता दाब वाढवून भागेलच असं नाही. स्प्रिंकलरची निवडच पुन्हा करावी लागते. म्हणून मेनच्या व्हॉल्व्हजवळ हिशोबाची पाटी लावायची पद्धत आहे. मालाचा प्रकार, रचण्याची उंची, किती स्प्रिंकलर धरले, किती लिटर आणि किती बार, हे तिच्यावर असतं. गोदाम भाड्याने घेणाऱ्याने करारावर सही करण्याआधी ती पाटी वाचावी.

दुसरं, पंपच बदलतो, आणि तेही नकळत. बहुतेक ठिकाणी आठवड्याला पंप काही मिनिटं चालवतात आणि वहीत दाब लिहितात. पण त्या वेळी पाणी कुठेच वाहत नसतं. वहीत येतो तो फक्त बंद दाब, म्हणजे वक्ररेषेचं डावं टोक. मागणीबिंदू त्याच्यापासून खूप उजवीकडे आहे. टाकीकडून येणाऱ्या पाइपाची जाळी अर्धी तुंबली असली, तरी वहीत ८.४ बारच दिसतात, कारण न वाहणाऱ्या पाण्याला जाळी अडवत नाही. वर्षातून एकदा फ्लो मीटर लावून शून्य, शंभर टक्के आणि दीडशे टक्के प्रवाहाला दाब मोजायचे आणि ते तीन बिंदू कारखान्याच्या मूळ वक्ररेषेवर ठेवायचे. तिन्ही बिंदू सारखे खाली उतरले असतील तर पंपाची गती किंवा झीज पाहावी. डावा बिंदू जागेवर आणि उजवे दोनच कोसळले असतील, तर पंप उघडण्याआधी टाकीकडची जाळी आणि व्हॉल्व्ह तपासावेत.