बुधवारची रात्र, ११:५९

द्रोणागिरीहून लोकलने कॉलेज गाठणारे बरेच विद्यार्थी एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही करतात. तिथल्या साप्ताहिक असाइनमेंटची मुदत साधारणपणे बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. या तारखा .ics फाइलमध्ये लिहिल्या की एकदाच आयात करून सगळ्या कॅलेंडरात येतात.

१३ ऑगस्ट २०२५ च्या मुदतीच्या दोन ओळी अशा:

```
DTSTART:20250813T182900Z
TRIGGER:-P1D
```

शेवटचा Z म्हणजे जागतिक वेळ. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून 1829. घाईत 235900Z लिहिलं, तर नोंद गुरुवारी पहाटे ५:२९ वर दिसते. मुदत तर केव्हाच उलटलेली! त्यामुळे आधी एकच नोंद आयात करून पाहावी.

दुसरी ओळ एक दिवस आधीच्या आठवणीची. गूगल कॅलेंडर मात्र आयात करताना ती सहसा धरत नाही. म्हणून आयातीसाठी वेगळं कॅलेंडर उघडून त्याच्या सेटिंगमध्येच एक दिवस आधीची आठवण लावावी. मंगळवारी रात्री फोन वाजेल.